बोरन्हाणाचा फोटो कुठवर जातो

संक्रांत ते रथसप्तमी या काळात नाशिकमध्ये बोरन्हाणाचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरत असतात. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून पडणारी बोरे, चुरमुरे आणि चॉकलेटे. फोटो आईने काढलेला असतो, पण तो सगळ्यांना दाखवतात ती आत्या, मावशी, चुलत आजोबा. मुलांचे फोटो ऑनलाइन जाण्याविषयीचे बहुतेक गैरसमज या एका फोटोच्या प्रवासातून उलगडतात.

पहिला गैरसमज असा, की कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो घरातच राहतो. व्हॉट्सअॅपचे एन्क्रिप्शन फोटो वाटेत कोणी उघडू नये एवढीच काळजी घेते. तो पोहोचल्यावर मिळालेल्याने काय करावे, यावर त्याचा काहीच ताबा नसतो. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये एक फोटो टाकला, की आपोआप डाउनलोड सुरू असलेल्या प्रत्येक फोनच्या गॅलरीत त्याची प्रत तयार होते आणि बॅकअप चालू असेल तर क्लाउडवरही जाते. ‘सर्वांसाठी डिलीट’ करण्याची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, आणि त्यानेही पुढे पाठवलेली प्रत किंवा काढलेला स्क्रीनशॉट परत येत नाही.

स्टेटसची गोष्ट याहून फसवी आहे. ते 24 तासांत जाते म्हणून निरुपद्रवी वाटते. पण सेटिंग बदलले नसेल, तर ज्यांनी एकमेकांचे नंबर साठवले आहेत अशा सगळ्यांना ते दिसते. त्यात वहिनी असते तसा गॅस सिलिंडर आणणारा, जुन्या घराचा दलाल आणि कधी काळी गाडी विकत घेऊन गेलेला अनोळखी गृहस्थही असतो. स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला तर टाकणाऱ्याला कळतही नाही. स्टेटसच्या प्रायव्हसीत `My contacts except...` आणि `Only share with...` हे पर्याय असतात. दुसरा निवडून मोजकी नावे ठरवणे हा आत्यासाठी सर्वांत सोपा उपाय.

दुसरा गैरसमज: लोकेशन बंद केले की काम झाले. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतील ठिकाणाची माहिती व्हॉट्सअॅप काढून टाकते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मात्र ती मूळ फाइलबरोबर जाऊ शकते. पण खरी माहिती सहसा फाइलमध्ये नसून फोटोखालच्या ओळीत आणि मागच्या भिंतीवर असते. समजा, फेसबुकवर सर्वांना दिसेल असा बोरन्हाणाचा फोटो आला आणि खाली लिहिले, ‘आमच्या लाडक्याचा उद्या पहिला वाढदिवस, इंदिरानगरच्या नव्या घरी’. सोबत मुलाचे पूर्ण नाव, आईबाबांना टॅग आणि मागे सोसायटीच्या नावाची पाटी. जन्मतारीख, नाव, पालकांची खाती, घराचा पत्ता एवढे सगळे एकाच ठिकाणी मिळाले. काही वर्षांनी शाळेच्या पहिल्या दिवशीच्या फोटोत बिल्ला आणि बसचा क्रमांक आला, की मूल रोज कुठे असते तेही कळते. ‘तुमच्या मुलाला पोलिसांनी पकडले आहे’ असे सांगून पैसे उकळणारे फोन करणाऱ्यांना मुलाचे नाव आणि शाळा माहीत असली, तर पालक अधिक लवकर घाबरतात. थोडक्यात, चेहऱ्यापेक्षा मजकूर महाग पडू शकतो.

तिसरा गैरसमज कायद्याविषयी आहे आणि तो दोन्ही बाजूंनी आढळतो. काहींना वाटते, की परवानगीशिवाय फोटो टाकला म्हणजे गुन्हाच. काहींना वाटते, की काकांना कोण विचारणार. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पण हे बंधन कंपन्या आणि संस्थांसाठी आहे. व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला वापर कायद्याच्या तिसऱ्या कलमानेच बाहेर ठेवला आहे. म्हणजे आत्याच्या स्टेटसवर हा कायदा सहसा लागू होत नाही. गुन्हा ठरतो तो वेगळ्या प्रसंगी. संमतीवाचून गुप्तांगांचे चित्र काढणे किंवा पसरवणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66ई कलम आहे आणि मुलांच्या अश्लील चित्रणासाठी 67बी. अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने मनाई आहे.

नेदरलँड्समध्ये चित्र वेगळे दिसते. तिथल्या गेल्डरलँड न्यायालयाने मे 2020 मध्ये एका आजीला नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला लावले. मुलांच्या आईने अनेकदा सांगूनही आजी ऐकत नव्हती. युरोपच्या डेटा कायद्यातही घरगुती वापराची सूट आहे, पण फेसबुकवर टाकलेला फोटो घराबाहेरच्यांपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून ती सूट इथे गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दहा दिवसांत फोटो न काढल्यास दिवसाला 50 युरो, जास्तीत जास्त 1000 युरो दंड ठरला. आपल्याकडे असा आधार नसल्याने नातेवाइकांच्या बाबतीत घरचा नियमच उपयोगी पडतो. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा ते बरेही.

नियम कार्यक्रमाच्या आधी सांगितला तर कोणाला लागत नाही. नंतर सांगितला तर तक्रार वाटते. बोरन्हाणाच्या निमंत्रणातच एक ओळ घालता येते: ‘फोटो आम्ही सगळ्यांना पाठवू, कृपया स्टेटसला किंवा फेसबुकवर टाकू नयेत.’ मग ते खरोखर त्याच रात्री पाठवावे लागतात. आजीआजोबांना नातवाचे कौतुक मैत्रिणींना दाखवायचे असते. हाती काहीच नसले, तर नियम दोन दिवसांत मोडतो. छापील फोटो किंवा निवडक लोकांचा सामायिक अल्बम हा त्यावरचा तोडगा. अल्बमची लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला तो दिसू शकतो, म्हणून लिंकऐवजी नावाने माणसे जोडलेली बरी.

काही फोटो ग्रुपवरही जाऊ नयेत: आंघोळीचे, उघड्या अंगाचे, दवाखान्यातले, रडताना किंवा हट्ट करतानाचे. सिंहस्थात रामकुंडावर मुलांना स्नान घालताना काढलेले फोटो याच यादीत येतात. घाटावर अनोळखी कॅमेरे असतातच; घरच्यांनी त्यात भर घालू नये. मूल सहा-सात वर्षांचे झाले, की त्याला विचारूनच फोटो टाकावा. ‘त्याला काय कळते’ हा समज वर्गातल्या मुलांनी जुना फोटो दाखवून चिडवेपर्यंतच टिकतो. फ्रान्सने 2024 मध्ये कायद्यातच नमूद केले, की मुलाच्या प्रतिमेचा अधिकार दोन्ही पालकांनी मिळून जपावा आणि वय व समज पाहून मुलाला त्यात सहभागी करावे.

फोटो आधीच गेला असेल, तर ग्रुपवर सर्वांसमोर बोलण्यापेक्षा ज्याने टाकला त्याला एकट्याला त्या पोस्टची लिंक पाठवून काढायला सांगावे. फेसबुकवर टॅग काढल्याने फक्त नाव निघते, फोटो तसाच राहतो. मूल 13 वर्षांखालील असेल, तर पालक थेट फेसबुककडे फोटो काढण्याची मागणी करू शकतात. फोटोत फेरफार करून अश्लील रूप दिले असेल, तर लिंक आणि खात्याचे नाव लिहून ठेवावे, चित्र पुराव्यासाठीसुद्धा कोणाला पुढे पाठवू नये, आणि cybercrime.gov.in वर किंवा नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मुलांसाठीची मदतवाहिनी 1098 आहे. 1930 हा क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी.