थ्रीडीतला सोफा

नव्या फ्लॅटचं इंटिरियर करायला दिलं की आधी हातात पडतो तो थ्रीडी व्ह्यू. दहा बाय पंधराचा हॉल त्यात कसा ऐसपैस दिसतो! सोफा, सेंटर टेबल, कोपऱ्यात झाड, आणि तरी चालायला भरपूर जागा. पुष्कळदा ही जागा सोफ्यातूनच चोरलेली असते. सोफ्याचं मॉडेल तयार मिळतं आणि खोलीत मावलं नाही की ते सगळ्या बाजूंनी आकसून टाकता येतं. संगणकाची त्याला काही हरकत नसते.

ही चोरी पकडायला फूटपट्टी पुरते. फरशी दोन बाय दोनची असेल तर सोफ्याच्या पुढच्या कडेखाली किती टाइल्स येतात ते मोजा. तीन माणसांचा सोफा साधारण सात फुटी, म्हणजे साडेतीन टाइल्स हव्यात. अडीचच भरल्या, तर चित्रातला सोफा पाच फुटी आहे.

उंची तपासायला दार कामाला येतं. टाइल्सच्या आत जाणाऱ्या रेषा पट्टीने पुढे वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून चित्रभर एक आडवी रेघ मारा. ती कॅमेऱ्याची उंची. सात फुटी दाराला ती बरोबर मध्यावर छेदत असेल, तर कॅमेरा साडेतीन फुटांवर आहे. मग वस्तू जवळ असो वा लांब, तिच्या पायथ्यापासून त्या रेघेपर्यंतचं अंतर बेचाळीस इंचच धरायचं. बत्तीस इंची पाठीचा सोफा त्यातला पाऊण भाग व्यापेल. आपला पाच फुटी सोफा मात्र निम्म्याच्या जेमतेम वर जातो, म्हणजे पाठ तेवीस इंचांची आणि बैठक फूटभर उंचीची. बालवाडीत शोभेल! चित्रात माणूस उभा केला असेल, तर रेघ त्याच्या कोपराच्या आसपास यायला हवी. खांद्यावरून गेली, तर माणूसही आकसलेला.

भिंती आणि दारं चित्रात तिरकी झाली असतील, म्हणजे कॅमेरा वरखाली कललेला असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. टांगलेल्या दिव्यांनाही ती लागू नाही.

आता खरा हिशेब. दहा फुटांत टीव्ही युनिट दीड फूट, सोफा तीन, टेबल दोन आणि सोफा-टेबलामध्ये पाय ठेवायला दीड. टेबल आणि टीव्हीच्या मध्ये उरले दोन फूट. तिथून चहाचा ट्रे घेऊन जाणाऱ्याला अंग चोरावं लागणार. चित्रात सोफ्याची खोली दहा इंचांनी घटली होती, म्हणून वाट जवळजवळ तीन फुटी दिसत होती.

तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी डिझायनरला सोफा खऱ्या मापाने बसवून तोच व्ह्यू पुन्हा काढायला सांगा. खोली भरलेली वाटली, तर आधी सेंटर टेबल काढून पाहावं. सोफ्याच्या कडेला एक छोटं स्टूल ठेवलं तरी कप ठेवण्याची सोय होते, आणि सोफ्यासमोर थेट साडेपाच फूट मोकळे मिळतात.