बदली डॉक्टरसाठी एक पान

गावातल्या डॉक्टरांना मुलीच्या लग्नासाठी आठ-दहा दिवस बाहेर जायचं असलं, की एकतर दवाखान्याला कुलूप लावावं लागतं, नाहीतर ओळखीपाळखीतून कुणी तरुण एमबीबीएस डॉक्टर शोधून त्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागतात. अशा बदली डॉक्टरला वैद्यकीय वर्तुळात ‘लोकम’ म्हणतात. तो येतो तेव्हा रोग आणि औषधं त्याला ठाऊक असतात. हा दवाखाना, हे गाव आणि इथून मोठ्या रुग्णालयांकडे जाणारे रस्ते मात्र त्याला नवे असतात. निघायच्या गडबडीत त्याला तोंडी काहीबाही सांगितलं जातं, आणि त्यातलं निम्मं तो पहिल्याच दिवशीच्या गर्दीत विसरतो. म्हणून ही माहिती एका पानावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावी, असं मी माझ्या व्यवसायबंधूंना नेहमी सांगतो. या पानावर काय असावं ते बघू.

उदाहरणासाठी महाड-पोलादपूरच्या बाजूचा, घाटाच्या पायथ्याचा एक दवाखाना धरू. एक तपासणीची खोली, सलाईन लावायला दोन खाटा, एक कंपाउंडर, एक सिस्टर. रोजच्या कामाचं पानावर फार लिहावं लागत नाही, कारण ते कंपाउंडरला पाठ असतं. दवाखाना कधी उघडतो, केसपेपर कुठे असतात, फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का हे सकाळ-संध्याकाळ कोण बघतं, वीज गेली तर इन्शुलिन आणि धनुर्वाताच्या लशी कुठे हलवायच्या, सुया आणि रक्ताळलेला कापूस नेणारी गाडी कुठल्या वारी येते, एवढं पाच-सहा ओळींत मावतं. एक ओळ मात्र ठळक हवी : ऑक्सिजनचा सिलिंडर आणि अंबू बॅग कुठे आहे, आणि सिलिंडरची चावी कुठे टांगलेली आहे. अंबू बॅग म्हणजे मास्क लावून हाताने दाबत श्वास देण्याची रबरी पिशवी. ती कपाटात कुलपाआड असेल तर नसल्यातच जमा. बदली डॉक्टरने आल्या दिवशी ती स्वतः हातात घेऊन दाबून बघावी, आणि मास्क मोठ्या माणसाचा आहे की लहान मुलाचा हेही बघावं.

फोन नंबरांच्या यादीत बहुतेक ठिकाणी एकच उणीव असते. नंबर असतात, पण ते शेवटचे कधी लावून बघितले ते नसतं. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर बदलतात, मोबाइल बदलतात, लँडलाइन बंद पडते. म्हणून प्रत्येक नंबरापुढे तारीख हवी, आणि शक्यतो माणसाचा नव्हे तर जागेचा नंबर हवा : ग्रामीण रुग्णालयाचा ड्यूटी रूम, उपजिल्हा रुग्णालयाचा अपघात विभाग, पोलीस ठाणे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा चालू आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो. पण पानावर हेही लिहावं की आपल्या भागातली १०८ ची गाडी साधारण कुठे उभी असते आणि तिथून इथवर यायला किती वेळ लागतो. त्याच्याखाली गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर. आणि आमच्या डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट लिहावी लागते : कुठल्या कंपनीची रेंज खोलीत येते आणि कुठल्या कंपनीसाठी पायरीवर जाऊन उभं राहावं लागतं.

आता पानाचा खरा गाभा, म्हणजे रुग्ण पुढे कुठे पाठवायचा ते. नव्या डॉक्टरचा हात स्वाभाविकपणे नकाशाकडे जातो आणि तो सगळ्यात जवळचं रुग्णालय निवडतो. पण जवळचं रुग्णालय कशासाठी जवळचं, हा प्रश्न प्रत्येक आजाराला वेगळा विचारावा लागतो. यासाठी सर्पदंशाचं, त्यातही मण्यारीचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं.

समजा, भातलावणीच्या दिवसांत सकाळी सव्वानऊला एक बाई नवऱ्याला घेऊन येतात. माणूस पस्तिशीचा, धडधाकट. पहाटेपासून पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या. “पित्त झालंय, एक इंजेक्शन द्या,” बाई म्हणतात. शहरातून आलेला डॉक्टर पित्ताचं इंजेक्शन भरायला घेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं : जून ते ऑक्टोबर, सकाळची पोटदुखी आणि उलटी असेल तर रात्री कुठे झोपला होता ते विचारा आणि पापण्या बघा. तो ओटीवर, जमिनीवर झोपला होता. आणि नीट पाहिलं तर त्याच्या पापण्या अर्ध्यावर आल्या आहेत. झोप अपुरी झाल्यासारखा दिसतो, पण डोळे उघडायला सांगितलं तरी ते पुरते उघडत नाहीत.

मण्यार रात्री हिंडते आणि झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाला बहुधा वेदना नसते, सूज नसते, आणि दातांची खूण कित्येकदा सापडतही नाही. त्यामुळे साप चावल्याचं खुद्द रुग्णालाच माहीत नसतं. तिचं विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या पडतात, मग दिसणं दुहेरी होतं, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. इथे एक फसगत पानावर नोंदवलेली असावी. सर्पदंशात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ते २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. ही चाचणी घोणस आणि फुरसं यांच्यासाठी उपयोगाची. मण्यारीच्या विषाने रक्त पातळ होत नाही. तेव्हा रक्त गोठलं म्हणून रुग्णाला घरी पाठवणं हा मोठा घात ठरतो.

आता पाठवायचं कुठे? धरून चालू की ग्रामीण रुग्णालय २० मिनिटांवर आहे. तिथे सापाच्या विषावरची लस, म्हणजे एएसव्ही, मिळते, पण व्हेंटिलेटर नाही. उपजिल्हा रुग्णालय सव्वा तासावर, तिथे दोन्ही आहे. आपल्या दवाखान्यात यातलं काहीच नाही. पानावर याचं उत्तर दोन पायऱ्यांत लिहिलेलं असावं. रुग्ण मान उशीवरून उचलू शकतोय, थुंकी गिळतोय, एका श्वासात तीसच्या आसपास अंक मोजतोय, तर आधी ग्रामीण रुग्णालय. तिथे एएसव्हीच्या दहा व्हायल सलाईनमधून साधारण तासाभरात जातात, आणि तोवर पुढच्या रुग्णालयाला कळवून गाडी तयार ठेवता येते. पण मान उचलता येत नसेल, किंवा अंकांची मोजणी उतरत चालली असेल, तर श्वास थांबण्याची वेळ जवळ आली आहे. एएसव्ही फिरत असलेलं विष निकामी करते, पण स्नायूंची जी शिथिलता एकदा आली ती लगेच परतवू शकत नाही. अशा वेळी माणूस वाचतो तो श्वास देत राहिल्याने. म्हणून १०८ येताच अंबू बॅग सोबत द्यायची, ती दाबू शकणारं माणूस सोबत पाठवायचं, एएसव्ही वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयात सुरू करून घ्यायची आणि व्हेंटिलेटरपाशी पोचेपर्यंत थांबायचं नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, हेही लिहावं. श्वास उथळ होत चालला तरी त्यावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो, विशेषतः ऑक्सिजन लावलेला असताना.

गाडी निघण्याआधी फोन हवाच, आणि त्या फोनवर काय विचारायचं तेही शब्दशः लिहिलेलं बरं. “पेशंट पाठवतोय” एवढं सांगून फोन ठेवला तर काही कळत नाही. विचारायचं असं : एएसव्हीच्या आत्ता किती व्हायल आहेत? व्हेंटिलेटर मोकळा आहे का, आणि तो चालवणारे डॉक्टर आज आहेत का? व्हायल दोनच आहेत, किंवा भूलतज्ज्ञ रजेवर आहेत, हे इथे बसून कळलं तर रस्ता बदलता येतो. रुग्ण तिथे पोचल्यावर कळलं तर तासभर वाया जातो, आणि मण्यारीच्या बाबतीत तो तास परत मिळत नाही. रुग्णासोबतच्या चिठ्ठीत पापण्या पडल्याचं किती वाजता दिसलं, मोजणी किती वाजता किती होती, काय दिलं आणि कोणाशी बोलणं झालं, हे वेळांसकट लिहायचं. घरच्यांना शक्य असेल तर रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला सांगायचं. पुढे खाजगी रुग्णालयात न्यायची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी ते लागतं. कागद शोधण्यासाठी गाडी थांबवायची मात्र नाही.

पावसाळ्यात याच पानाची वेगळी आवृत्ती लागते. वरंध घाट गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवला गेला आहे. उन्हाळ्यात पुण्याकडे पाठवायची सवय असलेल्या डॉक्टरने पान लिहिलं आणि बदली डॉक्टर जुलैत आला, तर त्या पानावरचा रस्ता अस्तित्वातच नसतो. म्हणून पानाच्या मागच्या बाजूला पावसाळ्याचे रस्ते वेगळे लिहावेत.

विंचवाचा उल्लेख या भागात करावाच लागतो. लाल विंचू चावलेलं मूल घामाने निथळत असेल, हातपाय गार पडले असतील, उलट्या होत असतील तर ते दुखण्यामुळे नव्हे, हृदयावर ताण येतोय म्हणून. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्यानंतर हा दंश झालेल्यांचं मरण पुष्कळ कमी झालं. ती गोळी कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे पानावर असावं. ज्या डॉक्टरने लाल विंचवाचा रुग्ण कधी पाहिलेला नाही, तो नुसतं दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊन बसतो.

पोलीस ठाण्याचा नंबर कशासाठी, हेही एका ओळीत हवं : मारहाण, अपघात, विषप्राशन, भाजणं यांची नोंद करून ठाण्याला कळवायचं, पण आधी उपचार. अठरा वर्षांखालची गरोदर मुलगी तपासणीला आली तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि घरच्यांनी कितीही गळ घातली तरी बदली डॉक्टरला त्यातून सूट नाही. गावातल्या ओळखीपाळखीचा दबाव परक्या डॉक्टरवर अधिक येतो, म्हणून ही ओळ मूळ डॉक्टरांच्या सहीने असावी.

पानाच्या तळाशी एक रिकामा तक्ता ठेवावा : रुग्णाचं नाव, कुठे पाठवलं, तिथे पोचला का, कुठला रिपोर्ट यायचा बाकी. पोचला का हा रकाना संध्याकाळी दवाखाना बंद करण्याआधी फोन करून भरायचा. ज्या नोंदीपुढे तो रिकामा राहील, तिची विचारपूस सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णाच्या घरी करेल, आणि परतलेले डॉक्टर आल्या आल्या आधी तोच तक्ता उघडतील.