वर्षभरात पोलाद किती झिजतं?

तमिळनाडूत मंडपमच्या समुद्रकाठी कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेचं केंद्र आहे. अशा ठिकाणी लोखंडी चौकटींवर पोलादाचे छोटे तुकडे तिरके बसवून उघड्या हवेत ठेवतात. या तुकड्यांना कूपन म्हणतात. वर्ष भरलं की कूपन प्रयोगशाळेत येतं, आणि त्याच्या घटलेल्या वजनावरून खाऱ्या हवेत पोलाद वर्षाला किती मिलिमीटर झिजतं ते ठरतं.

वजन ग्रॅममध्ये असतं, उत्तर मात्र मिलिमीटरमध्ये हवं असतं. टाकीची भिंत किंवा पुलाची तुळई बांधणाऱ्याला जाडीशी कर्तव्य असतं. ग्रॅमवरून मिलिमीटरकडे जायची वाट सरळ आहे. घटलेल्या वजनाला पोलादाच्या घनतेने भागलं की नाहीशा झालेल्या धातूचं आकारमान मिळतं. ते उघड्या पृष्ठभागावर सारखं पसरलं असं मानून क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी मिळते, आणि काळाने भागलं की वेग.

क्षरणदर = (८७,६०० × घटलेलं वजन) ÷ (क्षेत्रफळ × तास × घनता)

इथे वजन ग्रॅममध्ये, क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणि घनता प्रति घन सेंटिमीटर ग्रॅममध्ये घ्यायची. ८७,६०० हा आकडा दिसतो तेवढा गूढ नाही. वर्षाचे तास ८,७६०, आणि सेंटिमीटरचे मिलिमीटर करायला १० ने गुणायचं, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, १५० × १०० × २ मिलिमीटरचं साध्या पोलादाचं कूपन किनाऱ्यावर बरोबर वर्षभर ठेवलं. सुरुवातीचं वजन २३५.८० ग्रॅम, गंज काढल्यावरचं २११.३३ ग्रॅम. म्हणजे घट २४.४७ ग्रॅम. पण गंज काढणारं आम्ल थोडा चांगला धातूही खातं. किती, हे कळावं म्हणून न गंजलेलं तसंच एक कूपन त्याच द्रावणात तेवढाच वेळ बुडवतात. त्याचं वजन ०.१० ग्रॅमने घटलं, तर खरी घट २४.३७ ग्रॅम ठरते.

क्षेत्रफळात दोन्ही बाजू धरायच्या, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर, आणि कडांचे १० मिळून ३१०. घनता ७.८६. सूत्रातून उत्तर येतं ०.१० मिलिमीटर प्रति वर्ष. एकच बाजू मोजणाऱ्याला दर दुपटीहून जास्त दिसेल. उलट, दर ०.१० असला तरी पत्रा दोन्ही बाजूंनी गंजतो, म्हणून त्याची जाडी वर्षात ०.२० मिलिमीटरने घटते, हे वाचणाऱ्याने विसरायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक तराजूवर होते. गंजात लोखंडाबरोबर ऑक्सिजन आणि हायड्रोजनही असतो. एक ग्रॅम लोखंडाचा नेहमीचा तांबूस गंज झाला तर तो साधारण १.६ ग्रॅम भरतो. त्यामुळे गंजासकट तोललेलं कूपन आधीपेक्षा जडही निघू शकतं. म्हणून आधी ब्रशने सुटा गंज काढायचा, मग क्षरणरोधक मिसळलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवायचं, धुवून, वाळवून तोलायचं आणि पुन्हा बुडवायचं. सुरुवातीला प्रत्येक फेरीत वजन भराभर उतरतं. पुढे घट अगदी थोडी आणि दर फेरीला सारखी होऊ लागली, की गंज संपून आम्ल आता धातू खातंय, हे ओळखता येतं.

हा ०.१० चा आकडा पहिल्या वर्षाचा आहे. त्याला दहाने गुणून दहा वर्षांची झीज काढली तर १ मिलिमीटर येते, पण बहुतेक ठिकाणी तेवढी झीज होत नाही. जुना गंजच हवा-पाण्याची वाट काही प्रमाणात अडवतो. आंतरराष्ट्रीय मानकात साध्या पोलादासाठी काळाचा घात सरासरी ०.५२ च्या आसपास धरतात. त्या हिशेबाने दहा वर्षांत सुमारे ०.३३ मिलिमीटर झीज होते. क्षार जास्त असेल तर गंजाचा थर राखण करत नाही आणि हा घात वाढतो. म्हणूनच बरीच कूपनं एकदम लावून ती एक, दोन, पाच वर्षांनी अशी टप्प्याटप्प्याने काढतात.

सूत्राची आणखी एक मर्यादा आहे: ते झीज सगळीकडे सारखी धरतं. मिठामुळे धातूत खोल खड्डे पडतात, आणि टाकी गळते ती सरासरीने नव्हे, एका खड्ड्यातून. त्यामुळे साफ केलेल्या कूपनावरच्या सर्वांत खोल खड्ड्याची खोली सूक्ष्मदर्शकाने किंवा टोकदार मापकाने मोजतात. वरच्या कूपनावर ती ०.५ मिलिमीटर निघाली, तर सरासरी झिजेच्या ती पाचपट भरते. अशा वेळी अहवालात हा पाचाचा आकडा ०.१० च्या शेजारीच लिहितात.