डिसेंबरच्या हळदीचा भाव जूनमध्ये कसा ठरतो?

सांगलीचा एखादा व्यापारी जूनमध्ये मसाला कारखानदाराला शब्द देतो: "डिसेंबरात 100 क्विंटल हळद देतो, भाव आजच ठरवू." माल आणि पैसे डिसेंबरात, सौदा मात्र आज. हाच फॉरवर्ड करार. आता व्यापाऱ्याने भाव किती सांगायचा? पाऊस कसा होईल, पीक किती येईल, याचा अंदाज बांधायला हवा असं वाटतं. पण हळदीसारख्या टिकाऊ मालात हिशेब त्याहून सोपा आहे. हळद आजच विकत घेऊन डिसेंबरपर्यंत सांभाळायला किती खर्च येईल, एवढंच पाहायचं.

आकडे समजण्यापुरते गृहीत धरू. आजचा हजर भाव क्विंटलला 15,000 रुपये. व्यापाऱ्याला कर्ज 12 टक्के व्याजाने मिळतं, म्हणजे सहा महिन्यांचं व्याज 900 रुपये. गोदामभाडं आणि विमा महिन्याला 25 रुपये, म्हणजे 150. वजनातली घट आणि कीड यांपोटी एक टक्का, म्हणजे आणखी 150. माल सांभाळण्याचा एकूण खर्च 1,200 रुपये. हजर भावात तो मिळवला की डिसेंबरचा भाव निघतो: 16,200 रुपये.

समजा, बाजारात कोणी 17,000 रुपये द्यायला तयार आहे. मग व्यापारी कर्ज काढून आज हळद घेईल, गोदामात टाकेल आणि तीच डिसेंबरसाठी 17,000ला विकून ठेवेल. डिसेंबरात पीक बुडो की उदंड येवो, त्याचे क्विंटलमागे 800 रुपये पक्के, 100 क्विंटलवर 80,000. अशी संधी एकट्याच्याच नजरेस पडत नाही. बरेच जण हेच करू लागले की खरेदीमुळे हजर भाव चढतो, विक्रीमुळे डिसेंबरचा भाव उतरतो, आणि दोन्हींतलं अंतर पुन्हा सांभाळण्याच्या खर्चाएवढं होतं.

आता उलट बाजू. डिसेंबरचा भाव 15,500च आहे. ज्याच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेली हळद पडून आहे, तो ती आज 15,000ला विकेल, पैसे बँकेत ठेवेल आणि डिसेंबरसाठी 15,500ने परत खरेदीचा सौदा करेल. ठेवीवर 7 टक्के मिळाले तर सहा महिन्यांचे 525 रुपये, शिवाय भाडं, विमा आणि घटीचे 300 वाचले. म्हणजे त्याच्या लेखी हळद 15,825 रुपयांची झाली. क्विंटलमागे 325 रुपयांचा फायदा. कर्जाचं व्याज आणि ठेवीचं व्याज सारखं नसल्यामुळे योग्य भाव हा एकच आकडा नसतो. इथे तो 15,825 ते 16,200 या पट्ट्यात कुठेही असू शकतो.

मग डिसेंबरात हळद 18,000 होईल असं सगळ्यांनाच वाटत असेल तर? तसं वाटणारे लोक आजच खरेदीला धावतील आणि हजर भावच वर जाईल. अंदाज आधी आजच्या भावात शिरतो, फॉरवर्ड भाव त्याच्यावर फक्त खर्च चढवतो.

हा हिशेब सोन्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. त्याला जागा कमी लागते, घट नसते, त्यामुळे फरक मुख्यतः व्याजाचाच राहतो. शेअरच्या बाबतीत मधल्या काळात मिळणारा लाभांश खर्चातून वजा करायचा.

हळदीत मात्र एक कच्चा दुवा आहे. भाव पट्ट्याच्या वर गेला तर कर्ज, गोदाम आणि हजर माल मिळतोय तोवर कोणीही माल साठवून तो खाली आणू शकतो. पट्ट्याच्या खाली गेला तर तो वर आणायला विकण्याजोगा माल हातात असावा लागतो. टंचाईत तो कोणाकडेच मोकळा नसतो. मसाला कारखानदाराकडे थोडी हळद असते, पण ती विकून त्याला यंत्रं बंद ठेवायची नसतात. माल हाताशी असण्याचंच त्याला मोल असतं. शिवाय हळदीचं नवं पीक साधारण जानेवारीनंतर बाजारात येऊ लागतं. जुना साठा संपत आला असेल, तर डिसेंबरात एप्रिलसाठी केलेल्या सौद्याचा भाव हजर भावापेक्षाही कमी असू शकतो. एप्रिलची हळद ही डिसेंबरातून सांभाळून आणलेली नसते, ती नव्या पिकाची असते. तिथे वरचा हिशेब फक्त कमाल मर्यादा सांगतो, प्रत्यक्ष भाव पिकाच्या अंदाजावर ठरतो.

म्हणून पुढच्या महिन्यांचे भाव पाहताना "व्यापाऱ्यांना तेजी वाटतेय" असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी व्याज, भाडं, विमा आणि घट वजा करा. उरलेली रक्कम हजर भावाच्या आसपास असेल, तर त्या आकड्यात भविष्यवाणी काहीच नाही. ती बरीच खाली असेल, तर बाजारात आज मोकळा माल कमी आहे, असं समजा.