चार कॅलेंडरं आणि एक सामाईक तास

एकाच कंपनीतली माणसं असली की मीटिंगची वेळ ठरवणं सोपं असतं. गूगल कॅलेंडर किंवा आउटलुक सगळ्यांची मोकळी-बिझी स्थिती आपणच शेजारी शेजारी मांडून दाखवतं. पण क्लायंट वेगळ्या कंपनीतला, एखादा फ्रीलान्सर आणि परदेशातला सल्लागार असला की एकाचं कॅलेंडर दुसऱ्याला दिसत नाही. मग व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘तुमच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट पाठवा, मी बघते.’ बघणारीच्या हातात चार-पाच चित्रं पडतात आणि पहिल्या चुकाही तिथूनच सुरू होतात.

सर्वांत नैसर्गिक चूक म्हणजे चित्रांत रिकाम्या जागा शोधत बसणं. ‘बुधवारी सगळ्यांचं बरंच पांढरं दिसतंय’ असं वाटतं, पण चार चित्रांतलं पांढरं एकाच तासावर येतं का, हे डोळ्यांना सांगता येत नाही. म्हणून काम उलटं करावं लागतं. मोकळ्या वेळा नव्हे, भरलेल्या वेळा एकाच तक्त्यावर उतरवायच्या. सगळं उतरवून जे उरेल ते सामाईक.

एक आठवडा प्रत्यक्ष सोडवून पाहू. सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५ ते शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, म्हणजे दिवाळी उरकून माणसं कामावर परतली तो आठवडा. पुण्यातली डिझायनर, नाशिकचा प्रोग्रामर, लंडनमधली सल्लागार आणि न्यू जर्सीतला क्लायंट. हवा एक सलग तास.

पहिलं काम घड्याळांचं, आणि या आठवड्यात ते जरा फसवं आहे. ब्रिटनमधली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २६ तारखेला, तासभर मागे गेली. अमेरिकेतली मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, २ तारखेला, जाणार होती. त्यामुळे लंडन पुण्याच्या साडेपाच तास मागे, तर न्यू जर्सी अजूनही साडेनऊच तास मागे. एरवी लंडन आणि न्यू जर्सी यांच्यात पाच तासांचं अंतर असतं, ते या एका आठवड्यात चारच तासांचं झालं. गूगल कॅलेंडरच्या आठवड्याच्या दृश्यात वेळांच्या रकान्यावर डाव्या कोपऱ्यात GMT+05:30 असं बारीक लिहिलेलं असतं. स्क्रीनशॉट घेताना तो कोपरा कापला जाऊ नये, एवढी विनंती आधीच करून ठेवावी.

न्यू जर्सीचा क्लायंट सकाळी आठच्या आत बसणार नाही, पुण्याची डिझायनर रात्री साडेआठनंतर नाही. भारतीय वेळेत उरतो संध्याकाळी ५.३० ते ८.३० हा पट्टा. लंडनला तेव्हा दुपारचे १२ ते ३, न्यू जर्सीत सकाळचे ८ ते ११. रोज अर्ध्या तासाचे सहा खण, पाच दिवसांचे तीस. अर्धा तासच का? भारताची वेळ जागतिक वेळेपासून साडेपाच तासांवर आहे, त्यामुळे परदेशातली बरोबर तासाला सुरू होणारी मीटिंग इथे अर्ध्यावर येऊन पडते. तासाचे खण आखले तर दोन्ही टोकं चुकतात.

आता तक्ता. एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये तीस ओळी, प्रत्येक माणसाला एक रकाना. बिझी असेल तिथे x, नसेल तिथे काहीच नाही. शेवटच्या रकान्यात मोजणी:

```
=COUNTA(B2:E2)
```

उत्तर शून्य आलं तर चौघंही मोकळे. लागोपाठ दोन शून्यं आली तर तास मिळाला.

सोमवारी क्लायंटची ८ ते ८.३० मीटिंग आपल्या ५.३० ते ६ वर येते. पुण्याचा आढावा ६ ते ७, नाशिकचा कॉल ७ ते ७.३०, लंडनची दुपारी २ ते ३ ची मीटिंग आपल्या ७.३० ते ८.३० वर. कुणीच दीड-दोन तासांहून अधिक बिझी नाही, कुणाचंही चित्र पाहा, भरपूर पांढरं दिसेल, तरी सोमवार पूर्ण भरला. मंगळवारही असाच चौघांनी मिळून संपवला. बुधवारी नाशिक ५.३० ते ६, लंडन १.३० ते ३, म्हणजे आपल्याकडे ७ ते ८.३०, आणि क्लायंट १० ते ११, म्हणजे ७.३० ते ८.३०. मध्ये ६ ते ७ उरतो. गुरुवारी नाशिक ५.३० ते ६.३०, पुणे ७ ते ८.३०, मधला फक्त अर्धा तास मोकळा. शुक्रवारी डिझायनर रजेवर. उत्तर एकच: बुधवार, २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६ ते ७.

समजा, लंडनचं अंतर सवयीने उन्हाळ्यातलं, साडेचार तासांचं, धरलं असतं. सोमवारची तिथली दोनची मीटिंग ६.३० ते ७.३० वर सरकली असती आणि ७.३० ते ८.३० मोकळा भासला असता, जेव्हा सल्लागार खरोखर मीटिंगमध्ये असणार. उलट बुधवारची १.३० ची मीटिंग ६ ते ७.३० वर येऊन खरा मोकळा तासच पुसला असता. एका तासाच्या चुकीने खोटं उत्तर हाती येतं आणि खरं हरवतं. चूक लक्षात कशी यावी? प्रत्येकाची एक मीटिंग निवडून, ‘तुमची सोमवारची दोनची मीटिंग आमच्या साडेसातला, बरोबर ना?’ असं विचारून घ्यावं. एका ओळीचं काम आहे.

चित्र वाचतानाचे खड्डे वेगळेच. न्यू जर्सीच्या चित्रात आठवडा रविवारपासून सुरू होत असेल आणि पुण्याच्या सोमवारपासून. रकाने डावीकडून मोजले तर सगळं एक दिवस सरकतं, म्हणून वार नव्हे, तारीख वाचावी. गूगलमध्ये नकार दिलेल्या मीटिंगवर काट असते आणि उत्तर न दिलेली पोकळ चौकटीत दिसते. आउटलुकमध्ये अनिश्चित मीटिंगवर तिरप्या रेघा येतात. असा खण भरलेला की रिकामा, ते चित्र सांगत नाही, माणूसच सांगतो. तक्त्यात तिथे x ऐवजी प्रश्नचिन्ह टाकलं की मोजणीत तो बिझीच धरला जातो आणि विचारायची आठवणही राहते. वरच्या ‘दिवसभर’ पट्टीत कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची रजा. डिझायनरची शुक्रवारची रजा त्याच पट्टीत होती. खालचा दिवस अगदी कोरा, त्यामुळे पट्टी कापली गेली असती तर शुक्रवार सर्वांत मोकळा वाटला असता.

बुधवार ऐनवेळी निसटला, तर तक्त्यात शून्याला लागून असलेले ‘एक’ शोधावेत. गुरुवारी ६.३० ते ७ शून्य आहे. त्याच्या आधीच्या अर्ध्या तासाला फक्त नाशिकचा अडथळा आहे, नंतरच्या अर्ध्या तासाला फक्त पुण्याचा. म्हणजे चौघांना नव्याने विचारायची गरज नाही, या दोघांपैकी एकाने अर्धा तास सरकवला की झालं.

स्क्रीनशॉट घेतला त्या क्षणी कॅलेंडर गोठतं, हेही धरून चालावं. शुक्रवारी पाठवलेल्या चित्रात सोमवारी सकाळी आलेली मीटिंग नसते. म्हणून तास मिळाला की चर्चा न लांबवता तेव्हाच निमंत्रण पाठवावं. ते पुण्याच्या वेळेने केलं तरी लंडनला १२.३० आणि न्यू जर्सीला ८.३० आपोआप दिसतं. मात्र हीच मीटिंग ‘दर बुधवारी’ म्हणून लावली, तर ५ नोव्हेंबरला क्लायंटच्या कॅलेंडरवर ती सकाळी ७.३० ला उगवेल, कारण मधल्या रविवारी त्याचं घड्याळ तासभर मागे गेलेलं असेल.