किकचा स्वर आणि गाण्याची पट्टी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकावर नृत्यसंगीत रचणाऱ्यांमध्ये किक ड्रम गाण्याच्या पट्टीत लावावा, म्हणजे किक आणि बेस मिळून खालचा नाद एकसंध होतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. या सल्ल्यात तथ्य आहे. मात्र तो कोणत्या अटींवर लागू पडतो हे न सांगता पुढे दिला गेल्याने त्याभोवती काही गैरसमज रूढ झाले आहेत. त्यांची छाननी करण्यासाठी येथे एकच उदाहरण घेतले आहे. एफ मायनरमधील, म्हणजे पांढरी चारच्या षड्जावर उभी असलेली एक हाउस रचना आहे, तिची लय मिनिटाला 125 ठोक्यांची आहे, प्रत्येक ठोक्यावर किक पडते आणि तिच्याबरोबरच बेसचा लांब स्वर सुरू होतो.

गैरसमज 1: किक हे तालवाद्य असल्याने तिला स्वर नसतो, किंवा तिला नेहमीच एक निश्चित स्वर असतो.

वस्तुस्थिती: ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. ताणलेल्या गोल कातड्याच्या वरच्या कंपनांची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, मूळ कंपनाच्या नेमक्या दुप्पट-तिप्पट नसते. पहिलेच वरचे कंपन सुमारे 1.59 पट असते आणि त्यामुळे साध्या ड्रमचा स्वर कानाला धूसर वाटतो. तबला व मृदंग यांच्या शाईमुळे ही कंपने मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांक पटींत येतात, म्हणून ती वाद्ये गायकाच्या षड्जाला लावता येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 पासूनच्या संशोधनातून दाखवले. उशी किंवा कापड ठेवून दाबलेल्या ड्रम-संचातील किकला शाई नसते आणि तिचा नादही लवकर विरतो, त्यामुळे तेथे कातड्याचा ताण ठरवताना स्वरापेक्षा आघाताचा पोत अधिक महत्त्वाचा ठरतो.

इलेक्ट्रॉनिक किकची रचना वेगळी असते. तिच्या आरंभी वारंवारता उंचावरून काही मिलिसेकंदांत वेगाने खाली घसरते, त्यातून ‘ठप्’ असा आघात ऐकू येतो, आणि मग जवळजवळ स्थिर वारंवारतेचे शेपूट उरते. स्वर जाणवतो तो या शेपटातच. 50 हर्ट्झचे शेपूट 60 मिलिसेकंदांत संपले, तर त्यात अवघी तीन कंपने मावतात आणि कानाला स्वर ठरवण्यास पुरेसा आधार मिळत नाही. म्हणून आखूड किक पट्टीत लावून फारसे काही साधत नाही. 1980 मध्ये आलेल्या रोलँड टीआर-808 या यंत्राच्या धाटणीची, लांब घुमणारी किक मात्र बेसच्या स्वरासारखीच वागते आणि तिथे स्वरमेळ अत्यावश्यक होतो.

गैरसमज 2: पडद्यावरील वर्णपटाचे टोक पाहिले की किकचा स्वर कळतो.

वस्तुस्थिती: खालच्या सप्तकात लगतचे स्वर आकड्यांनी एकमेकांच्या फार जवळ असतात. पांढरी चार 43.65 हर्ट्झवर आणि पांढरी पाच 49 हर्ट्झवर आहे, म्हणजे दोन अर्धस्वरांचे अंतर केवळ सव्वापाच हर्ट्झच्या आसपास भरते. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात वर्णपट 4,096 नमुन्यांच्या तुकड्यावरून काढला, तर त्याची एक पायरी सुमारे 10.8 हर्ट्झची होते, त्यामुळे हे दोन स्वर त्यात खात्रीने वेगळे दिसू शकत नाहीत; आणि तुकडा लांबवला तर तो किकच्या शेपटापेक्षाच मोठा होतो.

यापेक्षा तरंगाकृती मोठी करून शेपटातील एका पूर्ण कंपनाची लांबी मोजणे अधिक भरवशाचे असते. घेतलेल्या उदाहरणात एक कंपन 900 नमुन्यांचे भरते असे मानले, तर 44,100 भागिले 900 म्हणजे 49 हर्ट्झ, अर्थात किक पांढरी पाचवर आहे. किक दोन सप्तके वर चढवून पेटीच्या स्वराशी पडताळली की कानाचाही दुजोरा मिळतो, कारण कानाला खर्जापेक्षा मधल्या सप्तकात स्वर अधिक नेमका ओळखता येतो.

गैरसमज 3: किक गाण्याच्या षड्जावरच लावली पाहिजे.

वस्तुस्थिती: किकचा मेळ पट्टीच्या नावाशी नसून त्याच क्षणी वाजणाऱ्या बेसशी जुळावा लागतो. उदाहरणातील किक 49 हर्ट्झवर आणि बेस 43.65 हर्ट्झवर असल्याने त्यांच्यातील फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला सुमारे 5.35, विस्पंदे निर्माण होतात. विस्पंद म्हणजे दोन जवळच्या वारंवारता एकत्र आल्यावर आवाजात होणारा चढउतार. असा एक चढउतार सुमारे 187 मिलिसेकंदांचा असतो, म्हणून दोन्ही तरंग सुरुवातीला जुळलेले असले तरी 94 मिलिसेकंदांच्या सुमारास ते परस्परविरोधी होतात आणि किकचे शेपूट 300 मिलिसेकंदांचे असेल तर त्याच्या मध्येच खर्जाला खड्डा पडतो. किक दोन अर्धस्वर उतरवून पांढरी चारवर आणली की हा चढउतार थांबतो. ती नमुना सावकाश वाजवून उतरवली, तर शेपूटही 337 मिलिसेकंदांपर्यंत लांबते आणि आघात बोथट होतो. म्हणून किक सिंथेसायझरवर बनवलेली असल्यास केवळ शेवटची स्थिर वारंवारता बदलणे श्रेयस्कर.

परंतु पुढच्या मात्रांत बेस एफवरून ई फ्लॅटवर, म्हणजे 38.89 हर्ट्झवर उतरला, तर षड्जावर लावलेली किकच पुन्हा विस्पंदे देऊ लागते. अशा रचनेत किक बेसच्या स्वरांबरोबर बदलणे, तिचे शेपूट आखूड करणे किंवा बेस ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजवणे हे तीन मार्ग उरतात. दोन नाद एकाच वेळी वाजतच नसतील, तर त्यांच्यात विस्पंदे होण्याचा प्रश्नच येत नाही.

गैरसमज 4: स्वर जुळला की खालचा नाद आपोआप एकसंध होतो.

वस्तुस्थिती: स्वर जुळल्यानंतर उलट एक नवी जोखीम उभी राहते. वारंवारता एकच असलेल्या दोन तरंगांची बेरीज त्यांच्या कलेवर, म्हणजे कंपनाच्या चक्रात प्रत्येक तरंग कोणत्या टप्प्यावर आहे यावर, अवलंबून असते. समान तीव्रतेचे तरंग समकलेत असतील तर पातळी 6 डेसिबलने वाढते, आणि विरुद्ध कलेत असतील तर ते एकमेकांना पुसून टाकतात. 43.65 हर्ट्झच्या एका कंपनास सुमारे 22.9 मिलिसेकंद लागतात, म्हणून बेस केवळ साडेअकरा मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तरी मजबूत मेळाची जागा पोकळी घेऊ शकते. स्वर वेगळे असताना हा खड्डा येतो आणि जातो. स्वर एक असताना तो शेपटाच्या अखेरपर्यंत टिकतो.

याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही नाद एकत्र वाजवून बेसची ध्रुवता उलटावी. उलटल्यावर खर्ज भरला, तर आधी तो कापला जात होता असे समजावे. ती उलटी स्थिती कायम ठेवावी किंवा बेसचा आरंभ काही मिलिसेकंद सरकवून सर्वांत भरीव जागा शोधावी. मात्र प्रत्येक ठोक्यावर बेसची कला सारखी राहण्यासाठी त्याचा तरंग प्रत्येक स्वरारंभी एकाच टप्प्यापासून सुरू होईल अशी सोय सिंथेसायझरमध्ये करावी लागते, अन्यथा एका ठोक्याला साधलेला मेळ पुढच्या ठोक्याला मोडतो. किकच्या आरंभीची वारंवारता घसरत असल्याने तेथे कला जुळवता येत नाही. ज्या क्षणांत तिचे शेपूट स्थिर असते, तेवढ्यापुरताच हा मेळ साधतो, आणि आघाताच्या पहिल्या काही मिलिसेकंदांसाठी बेसची पातळी साइडचेन कॉम्प्रेशनने खाली घेणे हाच उपाय राहतो.