फ्रिजला पोचा, पत्राला पोच

साताऱ्याला माझ्या मावसबहिणीकडे, ताईकडे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी नवा डबल डोअर फ्रिज आला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टेम्पोवाल्या दोन पोरांनी खोकं आडवं करून जिन्याने वर आणलं, भिंतीशी उभं केलं आणि जुना फ्रिज उचलून ती निघाली. जाताना चलन पुढे केलं. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं त्यावर छापलेलंच होतं. ताईने खालच्या रेघेवर सही केली, कारण खाली टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

खोकं उघडलं तेव्हा उजव्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, तळहाताएवढा पोचा दिसला. ताई आधी एवढंच म्हणाली की ती बाजू भिंतीकडे करू. पण दसऱ्याच्या सकाळी बर्फाच्या ट्रेमध्ये पाणीच होतं आणि श्रीखंडाचा चक्का आंबला होता.

पोचा आणि थंडावा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ती एकच तक्रार असते. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची. आताच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम गॅस त्या नळीतून फिरतो आणि आतली उष्णता पत्र्यातून खोलीत टाकतो. म्हणून चालू फ्रिजच्या बाजूला हात लावला की कोमट लागतं. पोचा नेमका त्या नळीवर बसला तर नळी चेपते, कधी चिरते. आत गॅस असतो तोच मुळी मूठभर, बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये शंभर ग्रॅमही नाही. त्याला वासही जवळपास नसतो. त्यामुळे तो गळून गेला तरी घरात कुणाला कळत नाही. कॉम्प्रेसर गुणगुणत राहतो, आतला दिवा लागतो, आणि दूध नासतं.

मी फोनवर ताईला दोन्ही बाजूंना हात लावून बघायला सांगितलं. दोन्ही गार, म्हणजे भिंतीइतक्याच. हा काही पुरावा नव्हे. बटण चुकीच्या आकड्यावर असेल, व्होल्टेज पडलं असेल, किंवा आडवा आणलेला फ्रिज लगेच चालू केला असेल तरी गडबड होते. आडवं केल्यावर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. ते परत खाली यायला फ्रिज काही तास उभा ठेवायचा असतो, आणि दुकानदार पहिला प्रश्न हाच विचारतो. ताईने तो दुपारी २ पासून रात्री ८ पर्यंत बंद ठेवला होता, हे नशीब. मग तिने पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात ठेवलं. २४ तासांनी त्यात थर्मामीटर बुडवला, तर पाणी २७ अंशांवर. चांगल्या फ्रिजमध्ये ते ५च्या आसपास यायला हवं. थर्मामीटर दिसेल असा तिने फोटो काढला.

दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “ताई, आम्ही फक्त विकतो. कंपनीच्या नंबरवर तक्रार टाका.” मग तिने पत्र लिहिलं. चार पानांचं. त्यात श्रीखंड होतं, पाहुणे होते, दुकानदाराची नीतिमत्ता होती आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं होतं. फ्रिजचा नंबर मात्र कुठेच नव्हता. आणखी एक घोळ होता. तिने ‘एक्स्चेंज करून द्यावा’ असं लिहिलं होतं. या धंद्यात एक्स्चेंज म्हणजे जुना देऊन सूट घेऊन नवा घेणं, आणि ताईने तर तेच आधी केलेलं होतं. असा शब्द दुकानदाराच्या हाती कशाला द्यायचा?

अशा पत्राचं काम एकच: हा माल मी स्वीकारलेला नाही, हे वेळेत, लेखी आणि तारखेनिशी सांगणं. मालविक्रीचा कायदा १९३०चा आहे, जुना पण अजून चालू. त्यानुसार न तपासता घेतलेल्या मालाची तपासणी करायला ग्राहकाला वाजवी संधी मिळायला हवी, तोवर माल स्वीकारला असं धरत नाहीत. पण वाजवी वेळ उलटूनही ग्राहक गप्प राहिला, तर मात्र स्वीकारला असं धरतात. नाकारलेला माल दुकानात पोचवायची जबाबदारीही ग्राहकावर नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. चलनावरच्या सहीने ताईची बाजू कमजोर झाली होती, संपली नव्हती. बंद खोक्यातला पोचा कोणाला दिसणार? तेच पत्रात लिहायचं. पण हेच पत्र तीन आठवड्यांनी गेलं असतं, तर ‘पोचा तुमच्याच घरी पडला’ याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा आधार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. ताईच्या बिलावर मुदत नव्हती. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे मात्र ठळक होतं. ते वाक्य सदोष मालाला लागू पडत नाही.

शेवटी चार पानांचं एक पान झालं:

प्रति,
मा. व्यवस्थापक (दुकानाचं नाव, पत्ता)

विषय: बिल क्र. ४१७ अन्वये घेतलेला फ्रिज सदोष असल्याने नाकारून बदलून मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्याकडून वरील बिलाने २६० लिटरचा डबल डोअर फ्रिज घेतला. किंमत २८,५०० रुपये. त्यातून माझ्या जुन्या फ्रिजचे २,००० वजा करून २६,५०० रुपये मी रोख दिले. मॉडेल व अनुक्रमांक आतल्या स्टिकरवरून सोबत लिहिले आहेत.

आपल्या माणसांनी बुधवारी दुपारी २ वाजता फ्रिज बंद खोक्यात पोचवला. चलनावर सही घेतली तेव्हा खोके उघडलेले नव्हते. त्याच दिवशी उघडले असता उजव्या बाजूस सुमारे ४ इंचांचा पोचा आढळला. फ्रिज ६ तास उभा ठेवून रात्री ८ वाजता चालू केला. सकाळपर्यंत बर्फ झाला नाही. २४ तासांनी आत ठेवलेले पाणी २७ अंश होते. गुरुवारी सकाळी आपणांस फोनवर कळवले.

सबब हा माल मी नाकारत आहे. दुरुस्ती मला मान्य नाही. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत त्याच मॉडेलचा नवा, सीलबंद फ्रिज द्यावा व हा घेऊन जावा. तो नसल्यास २६,५०० रुपये व जुन्या फ्रिजचे २,००० रुपये परत करावेत. तोवर हा फ्रिज बंद करून जपून ठेवला आहे. मुदतीत पूर्तता न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल.

सोबत: बिल व चलनाची प्रत, पोचा, स्टिकर व थर्मामीटरचे फोटो.

आपली विश्वासू

जुन्या फ्रिजचे २,००० मागायला बहुतेक जण विसरतात. पैसे परत मिळाले तरी जुना फ्रिज गेलेला असतो, तोही किमतीचाच भाग होता. ‘त्याच मॉडेलचा’ आणि ‘सीलबंद’ हे शब्दही मुद्दाम घातलेले, नाहीतर शोरूममध्ये वर्षभर मांडून ठेवलेला नग यायचा.

शनिवारी ताई स्वतः दोन प्रती घेऊन दुकानात गेली. एक दिली, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख मागितली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर नाहीत, ठेवून जा.” ती तिथल्याच डिस्प्लेच्या फ्रिजला टेकून पाऊण तास उभी राहिली, तेव्हा पोच मिळाली. पोच मिळालीच नसती तर पोस्ट होतंच. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवायची. पत्र कंपनीलाही पाठवलं, पण मागणी दुकानदाराकडेच ठेवली, कारण पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं.

सोमवारी कंपनीचा मेकॅनिक आला. पोच्यावर बोट फिरवून म्हणाला, “इथेच पाइप चेपलीय. बाहेरून मागे जाळी बसवून देतो, गॅस भरतो, दोन तासांचं काम.” तो खोटं बोलत नव्हता. भिंतीतली नळी फोममध्ये गाडलेली असल्याने ती उकरत बसत नाहीत, पाठीला नवी जाळी लावून जुनी बाजूला टाकतात. फ्रिज चालतो. पण मग तो दुरुस्त केलेला फ्रिज, नव्याच्या किमतीचा. शिवाय ग्राहक आयोगाला दोष काढून द्या, माल बदलून द्या किंवा पैसे परत करा यांपैकी काहीही सांगता येतं. एकदा दुरुस्तीला हो म्हटलं आणि ती टिकली, तर बदलून मागण्यात फारसा दम राहत नाही. ताईने त्याला चहा दिला आणि जॉबशीटवर सही करण्याआधी लिहिलं: ‘फक्त तपासणी. दुरुस्तीला संमती नाही.’ त्याने ‘उजवी बाजू डॅमेज, कूलिंग नाही’ असं नोंदवलं. दुकानदारांच्या भाषेत याला डीओए म्हणतात, म्हणजे आल्यापासूनच बंद. कंपनीने तसं मान्य केलं की दुकानदाराला बदली नग मिळतो आणि त्याचा स्वतःचा खिसा हलका होत नाही. दुकानदाराचा सूर बदलतो तो साधारण या कागदावर.

पोचा नुसताच असता आणि फ्रिज गारेगार चालला असता, तर हेच पत्र इतकं कडक लिहू नये असं माझं मत. तेव्हा बदलून मागावा जरूर, पण तडजोड बहुधा दोन-तीन हजारांच्या सुटीवर होते आणि ती वाईट नसते.

आयोगापर्यंत जायची वेळ आली नाही. आली असती, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता आली असती. त्यानंतर साताऱ्यातच अर्ज करता आला असता. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

पत्र दिल्यापासून सहाव्या दिवशी टेम्पो आला. तीच दोन पोरं, दुसरं खोकं. ताईने ते दारातच फोडायला लावलं आणि चारही बाजूंनी हात फिरवला. मग चलन घेतलं. छापलेल्या ‘माल सुस्थितीत मिळाला’च्या पुढे तिने लिहिलं: ‘बाहेरून. थंड होतो का ते उद्या कळेल.’ पोराने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “काकू, हे असं चालतं?”

“तुझ्या सरांना विचार,” ताई म्हणाली, आणि सही केली.